पीपीटीचा व्हिडिओ करताना स्टोरीबोर्ड कुठून सुरू करावा

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करतो. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासायची, यावर आमच्या कृषितज्ज्ञांची २२ स्लाइडची पीपीटी आहे. तिचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करून मे महिन्यात सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा आहे. स्लाइड वाचून आवाज दिला तर ११ मिनिटं झाली आणि कुणी शेवटपर्यंत पाहिलं नाही. स्टोरीबोर्ड करा म्हणतात, पण प्रत्येक स्लाइडचा एक सीन करायचा का? पडद्यावर काय लिहायचं आणि आवाजात काय बोलायचं, हे कसं ठरवतात?

उत्तर:

नाही, एका स्लाइडचा एक सीन करू नका. तसं केलंत तर व्हिडिओ ११ मिनिटांचाच राहील, फक्त चित्रं हलायला लागतील.

स्लाइड बोलणाऱ्या माणसाच्या सोबतीसाठी केलेली असते. तुमचे कृषितज्ज्ञ सभेत उभे राहतात तेव्हा पडद्यावर पाच मुद्दे एकदम दिसतात, पण ते तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवतात, दोन सोडून देतात आणि समोरचा गोंधळलेला दिसला की मागे येऊन पुन्हा सांगतात. ‘म्हणून’, ‘पण’, ‘आता बघा’ हे दुवे स्लाइडवर कुठेच लिहिलेले नसतात, ते त्यांच्या तोंडात असतात. तुम्ही स्लाइड वाचून काढली तेव्हा नेमकं तेच गळालं. ऐकणाऱ्याला मुद्द्यांची यादी मिळाली आणि ११ मिनिटं यादी कोण ऐकणार?

म्हणून माझी पहिली पायरी स्टोरीबोर्डच्या, म्हणजे सीनच्या चौकटी काढलेल्या, कागदावर नसतेच. मी तज्ज्ञाला लॅपटॉप बंद करायला लावते, समोर ज्याने ही चाचणी कधी केलेली नाही असा एखादा शेतकरी बसवते आणि “यांना समजावून सांगा” म्हणून फोनवर रेकॉर्ड करते. शेतकरी मध्ये प्रश्न विचारतो, ते ठेवायचेच. मग हे सगळं जसंच्या तसं उतरवून काढायचं. तज्ज्ञ ज्या क्रमाने बोलले तो बहुतेक वेळा व्हिडिओचा खरा क्रम असतो आणि तो पीपीटीच्या क्रमाशी क्वचितच जुळतो. पीपीटी ‘सोयाबीन पिकाचे महत्त्व’ इथून सुरू होते. माणूस “गेल्या वर्षी तुमचं किती उगवलं होतं?” इथून सुरू करतो. वाक्यंही तिथेच मिळतात. तज्ज्ञ लिहिताना ‘अंकुरण’ आणि ‘नमुना’ लिहितात, बोलताना ‘कोंब’ आणि ‘मूठभर बी’ म्हणतात. व्हिडिओत बोललेलंच घ्या.

आता २२ स्लाइडचं काय करायचं? त्या सगळ्या प्रिंट करा, एका कागदावर सहा बसतील इतक्या लहान. मग व्हिडिओ पाहून झाल्यावर माणसाने काय करायचं आहे, ते एका वाक्यात लिहा. तुमच्या बाबतीत ते असं होईल: ‘घरच्या बियाण्याचे शंभर दाणे बारदान्यात लावून सातव्या दिवशी मोजायचे आणि त्यावरून एकरी किती बी लागेल ते ठरवायचं.’ प्रत्येक स्लाइड या वाक्यासमोर धरून बघा. ज्या स्लाइडवाचून हे काम अडत नाही ती बाजूला काढा.

बाजूला काढलेली स्लाइड चुकीची असते असं नाही. मळणीच्या वेळी यंत्राचे फेरे कमी ठेवावेत, पोती उंचावरून टाकू नयेत, हे मुद्दे तुमच्या पीपीटीत असणारच. सोयाबीनच्या दाण्याचं आवरण पातळ असतं आणि कोंब आवरणाच्या अगदी लगत असतो, त्यामुळे आपटल्याने उगवण खाली येते, हे अगदी बरोबर आहे. पण तुमचा व्हिडिओ मे महिन्यात जाणार. मळणी ऑक्टोबरातच होऊन गेली आहे. मे महिन्यात हे ऐकून शेतकऱ्याला हळहळ वाटेल, करता काही येणार नाही. त्या स्लाइडांचा वेगळा छोटा व्हिडिओ सप्टेंबरअखेर काढा. हा निकष मी जवळजवळ प्रत्येक पीपीटीला लावते: पाहणाऱ्याच्या हातात आज काय आहे? क्षेत्राचे आकडे, कंपनीची ओळख, बीजप्रक्रिया, पेरणीची खोली, किती पावसानंतर पेरावं, हे सगळं या कसोटीवर गळतं किंवा पुढच्या व्हिडिओत जातं.

तज्ज्ञ आणि संचालक मंडळ इथे अडतात. “एवढी मेहनत करून लिहिलं ते सगळं काढलं?” असं विचारतात. त्यावर मी सांगते की पूर्ण पीपीटीची पीडीएफ व्हिडिओसोबतच ग्रुपवर जाईल, ज्याला खोलात जायचं तो उघडेल. या उत्तराने बहुतेक वेळा वाद मिटतो. पीपीटीत चाचणीच्या दोन पद्धती असतील, एक बारदान्याची आणि एक वर्तमानपत्राच्या घड्यांची, तर व्हिडिओत एकच दाखवा. दोन्ही दाखवल्या की लोक त्यांची भेसळ करतात, वर्तमानपत्र घेतात आणि दिवस बारदान्याचे मोजतात. ज्याच्या घरी जे सहज सापडतं ते निवडा. तुमच्याकडे बारदाना प्रत्येक घरात असेल.

यानंतर आवाजाची संहिता, म्हणजे व्हॉइसओव्हर. चित्रं अजून नाहीत. आधी आवाज लिहायचा, कारण व्हिडिओची लांबी आवाज ठरवतो. मराठीत सावकाश, समजावणाऱ्या आवाजात मी मिनिटाला १०० ते ११० शब्द धरते. इंग्रजीत दीडशेच्या आसपास धरतात, तो हिशेब मराठीला लावू नका. आपले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, ‘पोत्यातून’ हा एकच शब्द असला तरी बोलायला वेळ घेतो. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, पण सगळे सेकंद बोलण्याचे नसतात. दाणे मांडताना, बारदान्याची गुंडाळी करताना, मोजताना आवाजाने गप्प बसायला हवं. तुमच्या विषयात अशी शांतता ३० सेकंद तरी लागेल. उरले १५० सेकंद, म्हणजे साधारण २६० शब्द. तुमच्या ११ मिनिटांच्या वाचनात अकराशेच्या वर शब्द असणार. काटछाट किती करायची आहे, ते इथेच कळलं.

हे २६० शब्द लिहून झाले की मोठ्याने वाचा, घड्याळ लावून. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. जिथे जीभ अडखळते तिथे शब्द बदला. ‘उगवणक्षमता ७० टक्क्यांपेक्षा कमी आढळल्यास बियाण्याचे प्रमाण त्यानुसार वाढवावे’ हे वाक्य डोळ्यांना ठीक वाटतं, कानाला काहीच देत नाही. ‘शंभरातले साठच उगवले, तर एकरी पस्तीस किलो लागेल’ हे वाक्य ऐकणारा शेजाऱ्याला सांगू शकतो.

आता सीन कुठे तोडायचे? संहिता वाचत जा आणि जिथे डोळ्यासमोरचं चित्र बदलायलाच हवं तिथे पेन्सिलने रेघ मारा. मुद्दा बदलला म्हणून रेघ नाही, जागा, वेळ किंवा हातातली वस्तू बदलली म्हणून रेघ. पोत्यातून बी काढणं हा एक सीन. दाणे मांडणं दुसरा. गुंडाळी सावलीत ठेवणं तिसरा. तुमच्या संहितेत अशा दहा-अकरा जागा निघतील. एखादा सीन २० सेकंदांच्या पुढे गेला तर समजा की त्यात दोन कृती कोंबल्या आहेत. एखादा तीन सेकंदांचा निघाला तर तो बहुधा शेजारच्या सीनचाच तुकडा आहे.

मग कागदावर चार रकाने आखा: सेकंद, चित्र, पडद्यावरची अक्षरं, आवाज. चित्र रंगवता येत नसेल तर काड्यांची माणसं काढा, पण काढा. ‘शेतकरी दाणे लावतो’ असं नुसतं लिहिलं की कॅमेरा कुठे आहे हा प्रश्न टळतो. चौकट काढायला बसलात की लगेच कळतं: वरून सरळ खाली बघायचं, की समोरून? दाणे मोजताना समोरून घेतलं तर मागच्या ओळी दिसत नाहीत. वरूनच घ्यावं लागेल, म्हणजे फोन जमिनीला समांतर धरायला काही आधार लागेल. असे प्रश्न शूटिंगच्या दिवशी सुचले तर अर्धा दिवस त्यातच जातो.

तुमच्या व्हिडिओचे काही सीन मी इथे लिहून दाखवते, सगळे नाही.

> सीन १ (१३ सेकंद)
> चित्र: उगवून आलेल्या सोयाबीनच्या ओळी, मध्ये मोठ्या फटी. कॅमेरा ओळीवरून पुढे जातो.
> अक्षरं: काही नाहीत.
> आवाज: “पाऊस चांगला झाला, पेरणी वेळेवर झाली, तरी ओळीत अशा फटी पडल्या. दोष बियाण्यात असेल, तर तो पेरणीआधीच घरी कळू शकतो.”

इथे लोगो नाही, कंपनीचं नाव नाही, ‘नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो’ नाही. नाव शेवटच्या सीनमध्ये येईल. फटी पडलेली ओळ ज्याने स्वतःच्या शेतात पाहिली आहे, तो इथे थांबतो. एक अडचण मात्र आहे. तुम्ही एप्रिलमध्ये शूट करणार आणि तेव्हा शेतात नुकतं उगवलेलं सोयाबीन नसतं. म्हणजे हे दृश्य गेल्या जून-जुलैचं हवं. सभासदांच्या फोनमध्ये असे फोटो सापडतात, कारण उगवण फसली की लोक फोटो काढून दुकानदाराला किंवा कृषी सहायकाला पाठवतात. एक स्पष्ट फोटो मिळाला तरी पुरे, त्यावरून कॅमेरा हळू सरकवता येतो. इंटरनेटवरचा तयार फोटो घेऊ नका. हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं शेत सोयाबीन म्हणून लागलं की शेतकरी पहिल्या सेकंदाला ओळखतो आणि पुढचं सगळं त्याच्या लेखी खोटं होतं.

> सीन ३ (१५ सेकंद)
> चित्र: तीन पोती. हात वरून, मधून, तळातून बी काढतो. सुपात मिसळतो. दाणे मोजतो.
> अक्षरं: १०० दाणे, न निवडता
> आवाज: “प्रत्येक पोत्यातून वरचं, मधलं आणि खालचं, असं मूठभर बी काढा. सगळं एकत्र मिसळा. त्यातून न निवडता शंभर दाणे मोजून घ्या.”

आवाजात २० शब्द आहेत, ते साडेअकरा सेकंदांत संपतात. उरलेले साडेतीन सेकंद हाताला दिले आहेत. अक्षरांत मात्र चारच शब्द आहेत, आणि ते कोणते हे मी असं ठरवते: या कृतीत लोक कुठे चुकतील? पोत्यातून बी काढताना कुणी चुकत नाही. चुकतात ते चांगले टपोरे दाणे वेचून लावतात तिथे. मग ९० उगवतात आणि शेतात निम्मंच येतं. म्हणून ‘न निवडता’ पडद्यावर हवं.

हीच तुमच्या शेवटच्या प्रश्नाची किल्ली आहे. आवाजातलं वाक्य जसंच्या तसं पडद्यावर लिहू नका. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि आवाज यांतून माणूस कसं शिकतो यावर बरंच काम केलं आहे. हलतं चित्र आणि आवाज एवढंच दिलं तर लोकांना जास्त कळतं, त्यातच बोललेलं सगळं अक्षरांतही दिलं तर कमी कळतं, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. कारण सरळ आहे. डोळे एकाच वेळी हाताकडे आणि अक्षरांकडे बघू शकत नाहीत. शिवाय वाचणारा आवाजाच्या पुढे पळतो किंवा मागे राहतो. पडद्यावर फक्त तेवढंच लिहायचं जे कानाने पकडून ठेवणं अवघड आहे: आकडा, दिवस, वस्तूचं नाव आणि चुकण्याची जागा.

सबटायटल ही वेगळी गोष्ट आहे. ज्यांना ऐकू कमी येतं, किंवा जे बसमध्ये आवाज बंद करून बघतात, त्यांच्यासाठी ती लागतात. पण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या व्हिडिओला चालू-बंद करता येणारी सबटायटल जोडता येत नाहीत, ती चित्रातच छापावी लागतात आणि मग सगळ्यांनाच दिसतात. मी अशा वेळी दोन प्रती काढते, एक साधी आणि एक सबटायटलची. तेवढा वेळ नसेल तर एक प्रत काढा, पण चित्र आणि ती चार-चार शब्दांची अक्षरं एवढ्यावरच चाचणी करता आली पाहिजे, असा स्टोरीबोर्ड बांधा.

> सीन ४ (१७ सेकंद)
> चित्र: सरळ वरून. ओला बारदाना, त्यावर दाण्यांच्या ओळी. पहिल्या दोन ओळी खऱ्या वेगाने, पुढच्या आठ वेगाने.
> अक्षरं: १० × १० (शेवटची ओळ पूर्ण झाल्यावर)
> आवाज: “ओल्या बारदान्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावा. दोन दाण्यांत बोटभर जागा ठेवा.”

इथे आवाज सात सेकंदांचा आणि चित्र सतराचं. नवशिक्याला ही दहा सेकंदांची शांतता खुपते आणि तो काहीतरी बोलून ती भरतो. भरू नका. दहा ओळी पुऱ्या होताना बघणं हीच माहिती आहे. अक्षरंही सुरुवातीला टाकू नका, दहावी ओळ झाल्यावर टाका. शब्द, चित्र आणि अक्षर यांची वेळ एक असली पाहिजे. ‘दहा ओळी’ आवाजात आल्यावर पाच सेकंदांनी चित्रात ओळी आल्या तर पाहणारा मधल्या काळात काय शोधायचं याच विचारात राहतो. म्हणून इथे आवाज सीनच्या तोंडाशी लगेच न टाकता पहिली ओळ सुरू होताना टाका.

या सीनचा आणखी एक उपयोग पुढे आहे. दहा बाय दहाची ही चौकट आपण मोजणीच्या सीनमध्ये परत वापरणार आहोत. पीपीटीत उगवणक्षमतेचं सूत्र असलेली स्लाइड असेल, उगवलेले दाणे भागिले एकूण दाणे गुणिले शंभर. ती स्लाइड पूर्ण जाते. शंभर दाणेच लावले आहेत, म्हणजे जेवढे उगवले तेवढे टक्के. सूत्राची गरजच राहत नाही आणि चित्र ते न सांगता दाखवतं.

> सीन ७ (१८ सेकंद)
> चित्र: गुंडाळी उलगडते, सरळ वरून. निरोगी कोंबावर एकेक हिरवा ठिपका येतो, कुजलेल्या आणि तुटलेल्यावर लाल फुली.
> अक्षरं: ७वा दिवस. कोपऱ्यात वाढत जाणारा आकडा.
> आवाज: “सातव्या दिवशी गुंडाळी उघडा. निरोगी, पूर्ण कोंब आलेलेच दाणे मोजा. कुजलेले, तुटलेले, वाकडे कोंब धरू नका.”

हा सीन सगळ्यांत महत्त्वाचा आणि शूटिंगला सगळ्यांत अवघड. कागदावर तो आला की लक्षात येतं की शूटिंगच्या दिवशी सातव्या दिवसाची गुंडाळी तयार हवी, म्हणजे ती आधीच लावलेली हवी. मी तर तीन-चार गुंडाळ्या लावायला सांगते, कारण एखादी वाळते, एखादी जास्त पाण्याने कुजते. त्यातली एक मुद्दाम जुन्या, कमी उगवणीच्या बियाण्याची लावा. सगळं छान उगवलेलं दाखवलं तर लाल फुली कुठे मारणार? आणि जो आकडा पडद्यावर दाखवाल तो त्या चित्रात खरंच मोजता आला पाहिजे. ६० लिहिलंत आणि कुणी व्हिडिओ थांबवून ५४ मोजले, तर ग्रुपवर त्याचीच चर्चा होईल. ठिपके आणि फुल्या नंतर एडिटिंगमध्ये टाकायच्या असल्याने शूट करताना कॅमेरा अजिबात हलू देऊ नका. हे ‘कॅमेरा स्थिर’ असं चित्राच्या रकान्यात लिहूनच ठेवा, नाहीतर त्या दिवशी कुणाच्या तरी हातात फोन असतो.

> सीन ८ (१६ सेकंद)
> चित्र: तीन ओळींचा मोठा तक्ता. आवाजाबरोबर पहिली आणि तिसरी ओळ उजळते. मग तक्ता पाच सेकंद तसाच.
> अक्षरं: ७० किंवा जास्त → ३० किलो / ६५ → ३२.५ किलो / ६० → ३५ किलो (एकरी)
> आवाज: “शंभरातले सत्तर किंवा जास्त उगवले, तर एकरी तीस किलो बी पुरेल. साठच उगवले, तर पस्तीस किलो लागेल.”

हिशेब तुमच्या तज्ज्ञांच्या पीपीटीत असेल तोच आहे: ७० उगवणीला ३० किलो धरले, तर ३० गुणिले ७० भागिले ६० म्हणजे ३५. ६५ला ३२.३ येतात, ते अर्ध्या किलोवर नेऊन ३२.५ केले आहेत. आवाज फक्त दोन टोकं सांगतो, मधला आकडा डोळ्यांवर सोडतो. शेवटचे पाच सेकंद शांतता कशासाठी? लोक तिथे स्क्रीनशॉट घेतात. व्हिडिओ पुन्हा कुणी उघडत नाही, पण तक्त्याचा फोटो पेरणीपर्यंत फोनमध्ये राहतो. म्हणून ‘एकरी’ हा शब्द तक्त्यातच हवा, शीर्षकात नको, फोटो कापला गेला तरी तो टिकतो. ६०च्या खाली आलं तर काय, याला वेगळा सीन द्या. ‘ते बी पेरू नका’ हा निर्णय कुणाच्या तरी खर्चाचा आहे, तो तक्त्याच्या चौथ्या ओळीत दडवू नये. आणि त्या सीनमधलं वाक्य तुमच्या तज्ज्ञांकडूनच शब्दशः घ्या, जबाबदारी त्यांची आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येत नाहीत. व्हिडिओ फक्त फोनवर बघितला जाणार असेल तर उभा करा, १०८० बाय १९२०. दहा बाय दहाची चौकट उभ्या पडद्यावर छान बसते आणि वर-खाली अक्षरांना जागा उरते. गावोगावच्या बैठकीत प्रोजेक्टरवरही लावणार असाल तर आडवा करावा लागेल आणि मग चौकट डावीकडे, अक्षरं उजवीकडे अशी मांडणी स्टोरीबोर्डमध्येच हवी. उभा व्हिडिओ नंतर कापून आडवा होत नाही. आवाज कुणाचा, हेही तसंच. तज्ज्ञांना सभासद ओळखत असतील तर त्यांचाच घ्या, भले तो रेडिओसारखा नसो. पण वाचून दाखवायला सांगितल्यावर ते एकदम सरकारी परिपत्रकासारखे बोलू लागले, तर दुसरा माणूस शोधा.

अक्षरांबाबत दोन तांत्रिक खड्डे सांगते, कारण ते मराठीतच लागतात. पीपीटी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर मजकूर कॉपी केल्यावर भलतीच अक्षरं येतात. तो पुन्हा टाइप करा, दुरुस्त करत बसू नका. दुसरं, काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘किलो’चा ऱ्हस्व इकार भलतीकडे जातो. काम सुरू करण्यापूर्वी ‘प्रत्येक किलो, न निवडता, ओल्या बारदान्यावर’ एवढं टाइप करून बघा. फुटलं आणि सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय सापडला नाही, तर अक्षरं पॉवरपॉइंटमध्ये लिहून चित्र म्हणून आणा. फॉन्ट जाड घ्या. मुक्ता किंवा बालू मोफत मिळतात. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं तेव्हा बारीक अक्षरांच्या मात्रा आणि अनुस्वार सगळ्यांत आधी पुसले जातात.

शूटिंगच्या आधी एक पायरी बाकी आहे, ती अजिबात गाळू नका. स्टोरीबोर्डच्या चौकटींचे फोनने फोटो काढा, आवाज फोनवरच कच्चा रेकॉर्ड करा आणि कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये ते एकामागोमाग ठरलेल्या सेकंदांना बसवा. धंद्यात याला ॲनिमॅटिक म्हणतात. काड्यांच्या माणसांचा तीन मिनिटांचा हा व्हिडिओ दिसायला हास्यास्पद असतो, पण चुका सगळ्या इथे दिसतात. आधी डोळे मिटून ऐका. कुठे ‘हे’, ‘असं’ म्हटलंय आणि कशाबद्दल ते कळत नाही? मग आवाज बंद करून बघा. कुठली पायरी हरवली? मग ज्याला काही माहीत नाही अशा एका शेतकऱ्याला एकदाच दाखवा आणि “कळलं का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्याच्या हातात बारदाना आणि मूठभर सोयाबीन द्या आणि करायला सांगा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल, त्या सीनवर काम करा. सहसा तो पाण्यापाशी थांबतो: बारदाना किती ओला, रोज पाणी शिंपडायचं का? पीपीटीत ‘ओलावा टिकवावा’ इतकंच असतं. तिथे बारदाना पिळताना पाणी ठिबकायचं थांबलेलं दाखवणारा तीन सेकंदांचा तुकडा आधीच्या सीनमध्ये जोडला की काम होतं.

संचालक मंडळाची मंजुरीही या ॲनिमॅटिकवरच घ्या, लेखी. इथे एखादं वाक्य बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम आहे. अंतिम आवाज रेकॉर्ड झाल्यावर तेच वाक्य बदललं तर आवाजाची जात जुळत नाही, चित्राची लांबी चुकते आणि सातव्या दिवसाची गुंडाळी पुन्हा लावावी लागली तर आणखी एक आठवडा जातो.

मे महिन्यात पाठवायचं ठरलंय, पण पेरणीपासून उलटं मोजा: सभासदांना चाचणीला आठवडा, कमी उगवण आली तर दुसरं बियाणं शोधायला किमान दोन आठवडे. म्हणजे व्हिडिओ मेच्या पहिल्या आठवड्यात ग्रुपवर हवा, आणि तुमच्या शूटिंगच्या गुंडाळ्या एप्रिलच्या मध्याला भिजायला हव्यात. संहिता झाली की इथे टाका, मी रेघा मारून देते.